ब्रेख्तचा गॅलिलिओ: न आवडणाऱ्या नायकाचे तीन खर्डे

विज्ञानाचा इतिहास लिहायला बसलात की लवकरच एक अडचण येते. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस फारसा बरा निघत नाही. पत्रं वाचावीत तर दुसऱ्याचं श्रेय लाटलेलं असतं, घरच्यांना वाऱ्यावर सोडलेलं असतं, ऐन वेळी शेपूट घातलेली असते. मग आपण दोनपैकी एक करतो. एकतर त्याचे दोष तळटीपेत ढकलून त्याला महात्मा करतो, नाहीतर दोषांचीच यादी देतो, आणि वाचक तिसऱ्या पानावर कंटाळून निघून जातो. न आवडणारा माणूस मध्यभागी ठेवून वाचकाला शेवटपर्यंत बसवून कसं ठेवायचं, हा प्रश्न कादंबरीकारांचा वाटतो खरा, पण आपल्यालाही तो टळत नाही.

या प्रश्नावरचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण एका नाटकाच्या इतिहासात आहे. बेर्टोल्ट ब्रेख्तचं गॅलिलिओवरचं नाटक. मराठी प्रेक्षकाला ब्रेख्त परका नाही. 'तीन पैशाचा तमाशा' आणि 'अजब न्याय वर्तुळाचा' ही त्याचीच नाटकं मराठीत आलेली. पण गॅलिलिओच्या नाटकाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते त्याने एकदा नाही, तीनदा लिहिलं. माणूस तोच, प्रसंग बरेचसे तेच, आणि दर वेळी नायक थोडा अधिक नावडता केलेला. आपल्यासारख्या प्रयोगशाळेतून आलेल्यांना हे बघताच हात शिवशिवतात. एकच व्हेरिएबल हलवायचं, बाकी स्थिर ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. साहित्यात असा प्रयोग सहसा मिळत नाही.

आधी पहिला खर्डा. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ब्रेख्त जर्मनी सोडून पळाला आणि काही वर्षं डेन्मार्कमध्ये राहिला. तिथे 1938 च्या नोव्हेंबरात, सुमारे तीन आठवड्यांत, त्याने हे नाटक लिहून काढलं. टॉलेमीचं विश्व नीट समजून घ्यायला त्याला नील्स बोरच्या सहाय्यकांची मदत झाली होती. या खर्ड्यातला गॅलिलिओ वाचताना लेखकाची स्वतःची परिस्थिती आठवत राहते. हुकूमशाहीत सत्य कसं टिकवायचं, ते चलाखीने कसं पसरवायचं, यावर ब्रेख्तने त्याआधी काही वर्षं एक निबंधच लिहिला होता. त्याचा हा गॅलिलिओही चलाख आहे. इन्क्विझिशनसमोर गुडघे टेकतो, माघार घेतो, आणि नजरकैदेत लपूनछपून आपला शेवटचा मोठा ग्रंथ पुरा करतो. हा ग्रंथ म्हणजे 'डिस्कोर्सी', गतिशास्त्रावरचं पुस्तक. शेवटी त्याची प्रत शिष्याच्या हाती पडते आणि ती सीमेपार जाते.

आता या माणसात नावडण्यासारखं काय? बरंच काही. पहिल्याच प्रसंगात दूधवाल्याचे पैसे थकलेले आहेत. हॉलंडमधल्या नव्या नळीची बातमी एका श्रीमंत विद्यार्थ्याकडून कळते, तेव्हा हा पठ्ठ्या तशीच नळी तयार करून व्हेनिसच्या सरकारला स्वतःचा शोध म्हणून देतो आणि पगार वाढवून घेतो. (प्रत्यक्षातही 1609 च्या ऑगस्टमध्ये त्याने दुर्बीण व्हेनिसच्या डोजेला नजर केली आणि पगार वाढवून घेतला.) खाण्यापिण्याचा शौकीन, कामाच्या वेळी दुसऱ्याच्या सोयीचा विचार नाही, वरच्यांपुढे वाकायला लाज नाही.

तरीही पहिल्या पानापासून आपण त्याच्या मागे जातो, कारण त्याला काय हवंय ते आपल्याला लगेच कळतं. त्याला बघायचंय. नुसतं 'ज्ञानाची आस' नव्हे. अशा गुळगुळीत शब्दावर पात्र उभं राहत नाही. ब्रेख्तने ती इच्छा शरीरात आणून ठेवली. पडदा उघडतो तेव्हा गॅलिलिओ सकाळी उघड्या अंगाने धुतोय, आणि त्याच दमात पृथ्वी फिरते हे सांगतोय. गार पाणी, दूध आणि कोपर्निकस एकाच चवीने. ब्रेख्तचं म्हणणंच असं की हा माणूस विचार करतो तो भोगाच्या ओढीने. चांगली दारू पुढे आली की नाही म्हणवत नाही, तसा नवा विचार पुढे आला की नाही म्हणवत नाही. यात गंमत अशी की त्याचा मोठेपणा आणि त्याचा भ्याडपणा एकाच मुळातून येतात. ज्याला शरीराचं सुख एवढं प्रिय, त्याला छळाची हत्यारं नुसती दाखवली तरी पुरे.

'इच्छा स्पष्ट हवी' असं लेखनाच्या वर्गात सांगतात, त्याचा नेमका अर्थ इथे दिसतो. स्पष्ट म्हणजे मोठी नव्हे. स्पष्ट म्हणजे तिची किंमत कोण भरतंय ते दिसणारी. नाटकात आठ वर्षं तोंड बंद ठेवलेला गॅलिलिओ फ्लॉरेन्समध्ये पाण्यावर बर्फ तरंगवत बसलाय. सूर्यावरच्या डागांना हात लावायचा नाही, असं ठरलेलं. मुलगी व्हर्जिनिया हिचं लग्न त्या श्रीमंत विद्यार्थ्याशी, लुडोविकोशी, ठरलंय आणि आठ वर्षं लांबलंय. लुडोविको बातमी आणतो की पोप मरणाला टेकलाय आणि पुढचा पोप गणिताची आवड असलेला बार्बेरिनी होणार. झालं! गॅलिलिओला दम निघत नाही. तो तिथल्या तिथे सूर्याचे डाग बघण्याची तयारी सुरू करतो. लुडोविको जमीनदार घराण्यातला. असला सासरा त्याला परवडणारा नाही, म्हणून तो निघून जातो. आत लग्नाचा पोशाख घालायला गेलेली व्हर्जिनिया तो पोशाख घालूनच बाहेर येते आणि काय झालं ते कळताच कोसळते. बाकीचे तिच्याकडे धावतात. बाप काय म्हणतो? एवढंच, की त्याला ते कळून घ्यायलाच हवं.

हा प्रसंग वाचून गॅलिलिओ आवडत नाही. आवडू नये अशीच योजना आहे. पण त्याच्यावरची नजरही हलत नाही, कारण इच्छा आणि तिची किंमत दोन्ही एकाच चौकटीत उभी आहेत.

इथवर इच्छेचं झालं. नुसत्या इच्छेवर असा माणूस फार तर यंत्रासारखा कुतूहलाचा विषय होतो. माझ्या मते ब्रेख्तने दुसरी गोष्ट फार हळूच ठेवली आहे आणि ती मुलीच्या वाट्याला दिलेली नाही. ती आहे आंद्रेआ सार्तीच्या वाट्याला. आंद्रेआ म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाईचा मुलगा. हे पात्र पूर्ण काल्पनिक.

पहिल्या प्रसंगाकडे परत चला. पैसे देणारे विद्यार्थी आले की गॅलिलिओच्या कपाळाला आठी पडते. शिकवणीत वेळ जातो म्हणून तो कुरकुरतो. आणि या पोराला मात्र, ज्याची आई दुधाच्या बिलावरून कटकट करतेय, त्याला तो फुकट, सावकाश, पुन्हापुन्हा समजावतो. धुण्याच्या भांड्याचा लोखंडी स्टँड म्हणजे सूर्य. आंद्रेआला खुर्चीवर बसवतो आणि खुर्ची पोरासकट उचलून स्टँडच्या पलीकडे नेऊन ठेवतो. सूर्य हलला नाही, तू हललास, हे मुलाला अंगाने कळतं. पुढे सफरचंदात काडी खुपसून पृथ्वीवर उभा असलेला माणूस दाखवतो. यात एकही प्रेमाचा शब्द नाही. डोक्यावरून हात फिरवणं नाही. शिकवण्याचा धीर हीच त्याची माया, आणि ती शिकवण्याच्या कामात इतकी मिसळलेली आहे की वेगळी दिसत नाही. लपलेली म्हणतो ती अशी.

या धाग्याचं खरं वजन कळतं ते माघारीच्या प्रसंगात. 22 जून 1633. शिष्य बाहेर थांबलेत. ठरलेल्या वेळी घंटा वाजली नाही म्हणून आनंदाने एकमेकांना मिठ्या मारतात आणि मग घंटा वाजते. गॅलिलिओ येतो तो खचलेला, जवळजवळ ओळखू न येणारा. आंद्रेआ त्याच्याकडे बघत नाही. दारूचा बुधला, गोगलगायी खाणारा, असे शब्द तोंडावर फेकतो. मग त्याला स्वतःलाच मळमळतं आणि तो बसतो. यावर गॅलिलिओ शांतपणे काय करतो? त्याला पेलाभर पाणी द्या, असं सांगतो. बस्स. नायक आणि वीरभूमी यांच्याबद्दलचं जे वाक्य या प्रसंगातून जगभर गेलं, ते सगळ्यांना पाठ असतं. पाण्याचा पेला कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर प्रसंग त्या पेल्यावर उभा आहे. नुकताच आपला आयुष्यभराचा शब्द मोडून आलेला माणूस शिव्या देणाऱ्या पोराची तब्येत बघतो. त्याने माफी मिळत नाही, गुन्हा तसूभर कमी होत नाही, आणि म्हणूनच तो पेला खरा वाटतो.

आता प्रयोगाचा दुसरा टप्पा. ब्रेख्त 1941 मध्ये अमेरिकेत पोचला. 1944 च्या अखेरीपासून त्याने नट चार्ल्स लॉटनबरोबर या नाटकाचं इंग्रजी रूप करायला घेतलं. लॉटनला जर्मन येत नव्हतं, ब्रेख्तचं इंग्रजी यथातथा. दोघं एकेक वाक्य अभिनय करून एकमेकांना दाखवत आणि मग लॉटन ते इंग्रजीत घडवी. काम चालू असतानाच 6 ऑगस्ट 1945 चा दिवस उजाडला. हिरोशिमानंतर, ब्रेख्तच्याच सांगण्याचा आशय असा, नव्या भौतिकशास्त्राच्या जनकाचं चरित्र एका रात्रीत वेगळं वाचावं लागलं. चलाख गॅलिलिओ आता पुरेना. ज्या शास्त्रज्ञाने आपलं ज्ञान सत्ताधाऱ्यांच्या हवाली केलं आणि त्यांनाच ते कसं वापरायचं ते ठरवू दिलं, त्याला गुन्हेगार म्हणून उभं करायचं असं ब्रेख्तने ठरवलं. माघार म्हणजे आधुनिक विज्ञानाचं आदिपाप, इथपर्यंत तो गेला.

बदल मुख्यतः शेवटून दुसऱ्या प्रसंगात झाला. म्हातारा, जवळपास आंधळा गॅलिलिओ नजरकैदेत. बरीच वर्षं न फिरकलेला आंद्रेआ हॉलंडला जाताना भेटायला येतो. डिस्कोर्सीची प्रत घरातल्या पृथ्वीच्या गोलात लपवलेली आहे हे त्याला कळतं. आंद्रेआ हरखून जातो आणि गुरूच्या वतीने बचाव उभा करतो: तुम्ही माघार घेतलीत ती हे पूर्ण करण्यासाठी, म्हणजे तो डावपेच होता! पहिल्या खर्ड्यातही गॅलिलिओ स्वतःबद्दल फार चांगलं बोलत नाही, पण एकंदर तोल आंद्रेआच्या या समजुतीकडे झुकतो. नव्या रूपात गॅलिलिओ तो बचाव हातानेच मोडून टाकतो. डावपेच वगैरे काही नव्हता, हत्यारं दाखवली आणि मला वेदनेची भीती वाटली. मग तो स्वतःवरचं आरोपपत्र वाचावं तसा बोलतो. डॉक्टरांच्या शपथेसारखं काही विज्ञानालाही मिळालं असतं, ती संधी मी घालवली, असा त्याचा सूर.

हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. लपलेली माया चुकीची वापरली की ती सबब होते. माणूस वाईट होता, पण बघा ना, त्याने गुपचूप पुस्तक लिहिलं. माणूस वाईट होता, पण मुलावर जीव होता. हे 'पण' आलं की वाचकाच्या मनात हिशेब सुरू होतो, जमा इतकं, खर्च इतकं, शेवटी शिल्लक काय. हिशेब मिटला की पात्रही मिटतं. पहिल्या खर्ड्यात हे थोडं झालंच होतं: लपवलेलं पुस्तक माघारीचं कर्ज फेडत होतं. नंतरच्या रूपांत पुस्तक तेच, गोल तोच, ते आंद्रेआलाच दिलं जातं. फक्त त्याने कर्ज फिटत नाही. गॅलिलिओ स्वतःच ते फिटू देत नाही.

निरोप घेताना आंद्रेआ हात पुढे करतो. गॅलिलिओ त्या हाताकडे बघतो, पण तो हातात घेत नाही. तू आता स्वतः शिकवतोस, माझ्यासारख्याचा हात तुला परवडेल का, असं काहीसं विचारतो. मग लगेच जेवणावर येतो. जाता जाता कुणीतरी हंस पाठवलेत, आणि खायला त्याला अजून आवडतं. हात न घेणं ही त्या खुर्ची-सफरचंदाच्या मायेची शेवटची पायरी आहे, असं मी वाचतो. मुलाला आपल्यापासून वाचवायचं. आणि दुसऱ्याच क्षणी तो हंसाकडे वळतो, म्हणजे इच्छा जिवंत, शरीर जिवंत, आपल्याला गहिवरायला सवड मिळत नाही.

अमेरिकन प्रयोग 30 जुलै 1947 ला लॉस एंजेलिसजवळच्या कॉरोनेट थिएटरमध्ये लागला. (तिथल्या उन्हाळ्यात प्रेक्षकांचं डोकं चालावं म्हणून लॉटनने थिएटरच्या भिंतीला बर्फाचे ट्रक लावायला लावले, असं ब्रेख्तने नोंदवलंय.) त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे ब्रेख्तची कम्युनिस्ट असल्याबद्दल चौकशी झाली आणि लगेच त्याने देश सोडला. चौकशीतून निसटणाऱ्या माणसावरचं नाटक आणि ही चौकशी, हा योगायोग त्याच्याही लक्षात आल्याशिवाय राहिला नसेल. तिसरं, जर्मन रूप पूर्व बर्लिनमध्ये तयार झालं. तिथे एर्न्स्ट बुशला घेऊन ब्रेख्त तालमी घेत होता, आणि गॅलिलिओ गुन्हेगार दिसलाच पाहिजे हा आग्रह शेवटपर्यंत होता. 14 ऑगस्ट 1956 ला तो वारला. प्रयोग एरिक एंगेलने पुरा करून 1957 च्या जानेवारीत रंगमंचावर आणला.

ब्रेख्तला आपला गॅलिलिओ कितीही दोषी ठरवायचा असला तरी प्रेक्षक त्याला सोडत नाहीत, आणि हे बघून अनेक अभ्यासक म्हणतात की लेखकाचा बेत फसला. मला तसं वाटत नाही. त्याने दोष वाढवले, पण सकाळचं ते धुणं आणि आंद्रेआची ती खुर्ची दोन्ही जागच्या जागी ठेवली. व्हेरिएबल हललं, दोन गोष्टी स्थिर राहिल्या, म्हणून आपण पकड सोडत नाही. मात्र पकड म्हणजे पसंती नव्हे. या दोन शब्दांत गोंधळ केला की 'लेखकाला हवं ते साधलं नाही' असा निष्कर्ष चटकन निघतो.

एक सावधगिरी, कारण तुमच्यापैकी कुणीतरी हे नाटक विज्ञानाच्या इतिहासाचं साधन म्हणून वापरायला जाणार. नाटकातली व्हर्जिनिया लग्न मोडून बापाजवळ म्हातारी होत राहते, धार्मिक आणि बेताच्या बुद्धीची. खरी व्हर्जिनिया 1613 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या मठात गेली, मारिया चेलेस्ते या नावाने जोगीण झाली आणि 1634 च्या एप्रिलमध्ये, बापाच्या माघारीला वर्षही पुरं होण्याआधी, वारली. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मुलींची लग्नं जमणं कठीण. गॅलिलिओने दोघींनाही मठात टाकलं, आणि आजच्या नजरेने हे त्याचं सगळ्यात नावडतं कृत्य ठरू शकतं. पण तिची 124 पत्रं शिल्लक आहेत. त्यांत ती बापाच्या कॉलरी दुरुस्त करते, लिंबूवर्गीय फळाचा मुरांबा पाठवते. खटल्याच्या काळात त्याच्या घरातले धोक्याचे कागद मित्रांना हलवता यावेत म्हणून किल्ल्या तिनेच देऊ केल्या. शिक्षेचा भाग म्हणून त्याने दर आठवड्याला म्हणायची स्तोत्रं तिने स्वतःच्या अंगावर घेतली.

त्याने तिला लिहिलेली पत्रं मात्र उरलेली नाहीत. म्हणजे खऱ्या गॅलिलिओची माया आपल्याला फक्त पलीकडच्या बाजूने दिसते, तिच्या उत्तरांतून. ती गेल्यावर त्याने एका आप्ताला लिहिलेल्या पत्रात मात्र ती आपल्याला सारखी हाका मारते असं वाटत असल्याचं लिहिलंय. ब्रेख्तने ही सगळी माया मुलीकडून काढून एका काल्पनिक पोराला दिली. नाटककाराला ते चालतं. आपण थिसिसमध्ये तसं केलं तर व्हायवात पहिल्या पाच मिनिटांत सापडू.

डिस्कोर्सीची गोष्टही अशीच. नाटकात ती आंद्रेआच्या कोटाखालून सीमा ओलांडते. प्रत्यक्षात डच प्रकाशक लुई एल्झेविर 1636 मध्ये स्वतः आर्चेत्रीला येऊन गेला होता आणि पुस्तक 1638 मध्ये लायडनला छापलं गेलं. अर्पणपत्रिकेत गॅलिलिओने साळसूदपणे लिहिलंय की आपण फक्त फ्रेंच सरदार नोआयला हस्तलिखित दिलं होतं, ते छापलं जातंय हे कळल्यावर आपल्यालाच आश्चर्य वाटलं. वय 74, डोळे गेलेले, आणि खोटं बोलण्यातली ती सफाई तशीच. कागदपत्रांत सापडणारा हा माणूसही नाटकातल्यासारखाच पकडून ठेवतो, फक्त त्याच्याकडे पाण्याचा पेला कुणी नोंदवून ठेवलेला नसतो. तो हिशेबाच्या वह्यांत, दुसऱ्यांच्या उत्तरांत आणि मुरांब्याच्या बरण्यांत शोधावा लागतो.